तीनवरून एकवर

"वर लिहिलं ते पहिले मांड, खाली लिहिलं ते त्यातून काढ. कोन मोठं, कोन लहान, हे तुले कोनी विचारलं नाही."

जानराव सरांचा हा आवाज मला अजून येतो. सर जाऊन नऊ वर्षं झाली. शिरपूरच्या शाळेत ते आम्हाला गणित शिकवायचे, आणि अकरावी-बारावीला मी बाहेरगावी शिकू लागले तरी सुट्टीत त्यांच्या ओट्यावर वही घेऊन बसायचे. निश्चित संकलन, म्हणजे डेफिनिट इंटिग्रल, मी तिथंच शिकले. संकलनाची ती उंच, वाकडी खूण, तिच्या पायाशी एक आकडा आणि डोक्याशी एक. मला वाटायचं, पायाशी लहान असावा आणि डोक्याशी मोठा, तसंच शोभतं. सरांनी एकदा मुद्दाम उलटे आकडे लिहून दिले आणि मी ते गुपचूप सुलटे करून गणित सोडवलं. तेव्हा त्यांनी हे वाक्य म्हटलं होतं. मी मान हलवली. समजलं होतं की नाही, कोण जाणे.

आता मीच मंगरूळपीरला कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. एकवीस वर्षं झाली. घर लहान आहे, माणसं थोडी आहेत, आणि दिवस व्रतांनी बांधलेला आहे. पहाटे महादेवाच्या देवळात प्रदक्षिणा, सोमवारी उपास, कार्तिकात रोज तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा. यात मोठं काही नाही. कोणी रोज दोन मैल चालतं, कोणी रोज पेपर वाचतं, तसंच.

एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. आमच्या आईच्या घरात उणं बोलत नसत. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद होत नसे, वाढत असे. ही सवय माझ्या जिभेला लहानपणीच लागली, आणि पुढं ती हातातही उतरली असावी. मुलींना क्षेत्रफळ शिकवताना मी दरवर्षी सांगते, क्षेत्रफळ विचारलं आणि उत्तर उणं आलं तर तसं ठेवायचं नाही. जागा कधी उणी नसते. हे बरोबरच आहे. पण मी ते इतक्या वेळा, इतक्या मायेनं सांगितलं की मुलींना त्यातलं "क्षेत्रफळ विचारलं तर" ऐकू येईनासं झालं. मलाही.

या वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या कॉलेजात एक चाचणी झाली. वाशिमला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. बारावीच्या शेवटच्या महिन्यांसाठी, परीक्षा होईपर्यंत, ते आमच्या कॉलेजातली एक मुलगी ठेवून घेणार होते. राहणं, जेवण, शिकवणी सगळं तिथंच. गणिताच्या चाचणीत जी पहिली येईल तिला ती जागा. वीस प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, फक्त उत्तर लिहायचं. पेपर मी हातानं लिहून टायपिंगला दिला. तपासायला बसले तेव्हा समोर माझाच हस्तलिखित कागद होता. छापून आलेला पेपर मी उघडूनही पाहिला नाही.

एकोणीस मुली बसल्या होत्या. तनुजाला छत्तीस मिळाले, रीताला चौतीस. तनुजा गावाला लागून असलेल्या मळ्यातली, चंपत माळ्यांची पोर. त्यांची मेथी आणि वांगी आमच्या गल्लीत येतात. रीता शेलूबाजारच्या पलीकडच्या तांड्यावरची. तिचे वडील मदनसिंग आणि आई रामीबाई दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, ते होळीच्या सुमाराला परततात. अकरावीला रीता त्यांच्याबरोबर गेली होती आणि मार्चमध्ये येऊन परीक्षा देऊन पासही झाली होती. पण बारावीच्या परीक्षेला ते चालणार नव्हतं. ती परीक्षा फेब्रुवारीतच असते. तांड्यावर तिच्याजवळ राहायला घरात कोणी नव्हतं. म्हणजे वसतिगृह मिळालं तर बारावी, नाही तर ऊस. हे मला ठाऊक होतं. पेपर तपासताना मी नावं झाकून ठेवते, म्हणून त्या वेळी ते मनात आलं नाही इतकंच.

दिवाळीची सुट्टी संपली त्या आठवड्यात, शनिवारी, तनुजाचं नाव फळ्यावर लागलं. दुपारी रीता शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात तिचा उत्तराचा कागद होता. सगळ्यांना पाहायला दिले होते. रडलेली नव्हती. जागेबद्दल एक शब्द बोलली नाही. तिनं संकलनाचा चौदावा प्रश्न दाखवला आणि विचारलं, "बाई, हे मायनस काहून चुकलं?"

तिनं उणे आठ लिहिलं होतं. माझ्या कागदावर आठ होतं. मी हळूच म्हटलं, अगं, आलेखाची रेघ वरच आहे सगळी, आसाच्या वर; उत्तर उणं कसं येईल?

"पण तीनवरून एकवर आलो ना, बाई."

मी म्हटलं, तीनवरून नव्हे, एकवरून तीनवर. तेवढ्यात घंटा झाली. ती काहीतरी पुटपुटली, पेपरात तसंच होतं असं काहीसं, आणि कागद परत माझ्या हातात दिला. जाता जाता म्हणाली की मंगळवारी सकाळी तांड्यावर गाडी येऊन राह्यली, आता ती कॉलेजला यायची नाही, तर नमस्कार करायला आली होती. तिनं वाकून नमस्कार केला. मी आशीर्वादही दिला. सगळं किती शांतपणे झालं ते आठवलं की आता अंगावर काटा येतो.

मग सोमवारची पहाट.

कार्तिकातलं धुकं आमच्याकडं तळ्यावरून उठतं आणि तुरीच्या शेतांवर जाऊन बसतं. देऊळ लहान आहे, गावाबाहेर, काळ्या दगडाचं. त्या दिवशी कळस दिसत नव्हता, नंदी तेवढा ओला दिसत होता. मी चपला काढल्या. फरशी इतकी गार की पाय जागे झाले आणि बाकीची मी झोपेतच राहिले.

महादेवाची प्रदक्षिणा इतर देवांसारखी गोल नसते. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नसते. नंदीपासून निघायचं, भिंतीला धरून पन्हळीपर्यंत जायचं, आणि तिथूनच मागे फिरायचं. आलो त्याच दगडांवरून परत नंदीपाशी. मग दुसऱ्या बाजूनं पन्हळीच्या पलीकडच्या काठापर्यंत, आणि पुन्हा परत. अर्धं जाणं, अर्धं येणं, आणि ते सगळं मिळून एक. मी अकरा घालते.

चौथी की पाचवी असेल. मी पन्हळीपाशी पोचले होते. पाण्याची धार थेंबाथेंबानं पडत होती, धुक्यात तिचा आवाजच फक्त. मी मागे वळले, आणि कानाशी कोणीतरी म्हणालं, तीनवरून एकवर आलो ना, बाई.

मी थांबले नाही. प्रदक्षिणेत थांबत नाहीत. पण पाय आता दगड मोजायला लागले. जाताना एकेका दगडावर मी काहीतरी गोळा करत गेले होते असं मला वाटलं. जणू प्रत्येक दगडाला एक उंची आहे, धुक्याचाच एक खांब, आणि मी पाऊल टाकते तसा तो खांब माझ्या ओंजळीत जमा होतो. नंदीपासून पन्हळीपर्यंत आठ भरले समजा. आता परत येताना तेच दगड, त्याच उंचीचे तेच खांब. उंची कुठं कमी झाली? नाही झाली. पण माझं पाऊल उलटं पडत होतं. जे जाताना घेतलं ते मी येताना एकेक करून जागच्या जागी ठेवत होते. नंदीपाशी पोचले तेव्हा ओंजळ रिकामी होती. रिकामीच असायला हवी होती, कारण मी जिथून निघाले तिथंच उभी होते.

आणि येतानाचेही आठ मी वरूनच मिळवले असते तर? तर नंदीपाशी उभी राहून मी म्हटलं असतं की माझ्याकडं सोळा आहेत, मी फार लांब आले. ती प्रदक्षिणा नसती. तो भ्रम झाला असता.

जाण्याचे आठ, येण्याचे उणे आठ. येण्याला उणं म्हटलं नाही तर घरी पोचताच येत नाही.

नंदीच्या पाठीवर हात टेकून मी उभी राहिले. सरांच्या ओट्यावर मान हलवली होती, ती आज कुठं खरी झाली असं वाटलं. मग मनात आलं, पण रीता येण्याकडून का निघाली? तिला कोणी सांगितलं होतं? पेपरात तसंच होतं, म्हणाली होती.

अकरा पुऱ्या केल्या. त्या कशा केल्या मला आठवत नाही.

कॉलेजात जाऊन आधी छापलेला पेपर काढला. चौदावा प्रश्न: निश्चित संकलनाची किंमत काढा, दोन एक्स, आणि खाली तीन, वर एक. टायपिंगवाल्यानं आकडे उलटे लावले होते. माझ्या हातच्या कागदावर खाली एक, वर तीन. दोन एक्सचं संकलन एक्सचा वर्ग. वरचं आधी मांड: एकाचा वर्ग एक. खालचं त्यातून काढ: तिनाचा वर्ग नऊ. एकातून नऊ. उणे आठ.

रीतानं छापलेला प्रश्न वाचला होता. मी वाचला नव्हता.

मग एकोणीसच्या एकोणीस कागद पुन्हा काढले. उणे आठ तसंच ठेवणारी एकटी रीता. बाकीच्यांत काहींनी प्रश्न सोडून दिला होता, काहींचं भलतंच होतं. आणि सहा जणींनी आठ लिहिलं होतं, पण नीट उजेडात धरलं तर आठाच्या आधी एक लहानशी रेघ होती, पेनानं गिरवून गिरवून झाकलेली. सहाही जणींना उणं मिळालं होतं. सहाही जणींनी माझं ऐकून ते खोडलं होतं. त्यांतला एक कागद तनुजाचा.

त्या रेघांकडं मी बराच वेळ बघत बसले. आमच्या आईनं बांगडी वाढवली म्हणावं, तसं त्या पोरींनी उणं वाढवलं होतं.

प्राचार्य वीरेंद्र सर मूळचे जीवशास्त्राचे. माणूस सरळ आहे, पण घाईत असतो. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "मॅडम, उणे आठ म्हणजे काय? उणे आठ चौरस काय?"

मी त्यांच्या टेबलावरचा रजेचा एक कोरा अर्ज उलटा केला आणि त्यावर रेघ काढली. एकपाशी तिची उंची दोन, तीनपाशी सहा. मधली जागा आठच भरते. ती कोणीही मोजावी. मग त्या जागेच्या उभ्या पट्ट्या पाडल्या. म्हटलं, सर, आपण जागा विचारली असती तर आठ. पण आपण जागा विचारली नाही, संकलनाची किंमत विचारली. किंमत म्हणजे उंची गुणिले पाऊल, अशी सगळ्या पट्ट्यांची बेरीज. डावीकडून उजवीकडं गेलं तर पाऊल अधिक. उजवीकडून डावीकडं आलं तर प्रत्येक पाऊल उणं. उंची अधिक, पाऊल उणं, मग बेरीज उणीच येणार. रेघ आसाच्या खाली असती तर उंचीही उणी झाली असती, आणि उलटं येताना उत्तर पुन्हा अधिक आलं असतं. ते चिन्ह म्हणजे तोटा नव्हे. कुठून कुठं आलो, तेवढं ते सांगतं.

त्यांनी अर्ज फिरवून पाहिला, जणू उलटा धरला तर काही वेगळं दिसेल. मग म्हणाले, ठीक आहे, छपाईची चूक झाली, तर तो प्रश्न रद्द करून टाकू, सगळ्यांना सारखंच.

रद्द केला असता तर तनुजाचे दोन गेले असते आणि दोघी चौतीसवर आल्या असत्या. बरोबरी झाली तर अकरावीचे गुण पाहायचे असं आधीच ठरलेलं होतं, आणि अकरावीला रीता चार महिने उसाच्या फडात होती. म्हणजे पुन्हा तनुजाच. हे त्यांनाही दिसत होतं, मलाही.

मी आवाज चढवत नाही. मला तो चढवता येतही नाही. मी म्हटलं, "सर, चूक छापण्यात झाली. प्रश्नात नाही झाली. छापला तो प्रश्न पुरा आहे, आणि त्याचं उत्तर एकच आहे. ते एकीनं लिहिलं. तो रद्द करायचा म्हणजे तिनं वाचला हाच तिचा गुन्हा."

सरांनी चहाचा कप ओढून घेतला. चहावर साय धरली होती. ती चमच्यानं बाजूला करत म्हणाले की इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदाच वाद घातला, आणि तोही उपासाच्या दिवशी. मग रद्द करण्याचं सोडून कामाचं बोलले. वाशिमला नाव मंगळवारी दुपारपर्यंत कळवायचं आहे. सोबत पालकाची सही लागेल, मुलगी तिथं राहील म्हणून. रीताच्या घरचा फोन लागत नाही, तांड्यावर कोणाचाच लागत नाही. शिपायाला पाठवता येईल, पण तो परवा जाईल. आणि फळ्यावरचं नाव पुसण्याआधी त्या दुसऱ्या पोरीला मी स्वतः सांगायचं. ते काम आपण करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुपारी मळ्यात गेले. तनुजाची आई आवडाबाई मेथीच्या जुड्या बांधत होती, तनुजा विहिरीच्या काठावर बसून वाचत होती. मी बांधावरच बसले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. आवडाबाईचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. खाली बघतच ती म्हणाली, "म्हंजे तुमचं आयकलं तिचं नुकसान, अन् नाई आयकलं तिले जागा. असं हाय काय बाई?"

मी हो म्हटलं. म्हटलं, तसंच आहे, आवडाबाई, आणि चूक माझी आहे, तुमच्या पोरीची नाही.

तनुजानं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाली की उणं तिलाही आलं होतं, आणि खोडताना तिला वाटलंही होतं की आपण काहीतरी बरोबरचं खोडून राह्यलो. मग तिनं विचारलं, "रीता गेली काय ऊस तोडाले?"

उद्या सकाळी गाडी आहे, मी म्हटलं.

"मंग तुमी इथं कायले बसल्या, बाई?"

तिच्या आईनं डोळे वर केले. मला वाटलं रागावेल, पण ती फक्त म्हणाली, माई पोरगी लय शहाणी झाली, हे कोणच्या पुस्तकात लिहिलं व्हतं. आणि बांधून ठेवलेल्या जुड्यांतली एक माझ्या पिशवीत टाकली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, घ्या, तुमी बाई आहे म्हणून नाई देऊन राह्यली. आज उपास सोडाल, त्याले.

मी तनुजाला म्हटलं की उद्यापासून देवळातून आल्यावर सकाळचा तास तुझा. वाशिमची शिकवणी होणार नाही, पण जे मला येतं ते सगळं देईन. ती म्हणाली, चालते. पण त्यात मायनस खोडायचं नाही. मग ती हसली, आणि लगेच पुस्तकात तोंड घातलं. ते हसू पुरतं नव्हतं. तिला वाईट वाटलं होतं, आणि ते वाईट वाटणं माझ्या खात्यावर राहील हे मला कळत होतं.

परत येताना उन्हं उतरली होती. जानराव सरांची दुसरी गोष्ट मला तेव्हा आठवली. खरं तर ती पहाटेपासूनच माझ्याबरोबर चालत होती, मी तिच्याकडं बघत नव्हते.

मी नववीत होते. सरांनी माझं एक उत्तर कापलं होतं, आणि ते बरोबर होतं. मला ते कळलंसुद्धा नव्हतं. दोन दिवसांनी संध्याकाळी सर सायकलवरून आमच्या दारी आले. आईनं घाबरून पदर सावरला, पोरीनं काय केलं म्हणून. सरांनी माझा पेपर मागितला, लाल पेन काढलं, आपलीच फुली खोडली, बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. घोटभर पाणी पिऊन निघून गेले. पुढं मला नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले, तर त्यांनी पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. म्हणाले, आधी कबूल कर.

"कापाले हात पुरते, जमना. कापलेलं परत घ्याले पाय लागते. कोन्या लेकराचं बरोबर कापलंस तर त्याच्या दारी तू जायचं. चिठ्ठी नाई धाडायची."

मी कबूल केलं होतं. मग त्यांनी पेढा खाल्ला. एकवीस वर्षांत असा दिवस कधी आला नव्हता. किंवा आलेले मला दिसले नव्हते. आज सहा झाकलेल्या रेघा पाहिल्यापासून मला ती दुसरी शक्यता जास्त खरी वाटते.

घरी आले. पिशवीत रीताचा उत्तराचा कागद, छापलेला पेपर आणि वसतिगृहाचा फॉर्म घातला. लाल पेन तपासून पाहिलं, उठत होतं. तिन्हीसांजेचा दिवा राहिला होता, आणि तांड्यावरून मी त्या वेळेपर्यंत परत येणार नव्हते. कार्तिकातला माझा दिवा मी आजवर दुसऱ्याच्या हाती दिला नव्हता, आजारपणातही नाही. तेलवात करून ठेवली आणि शेजारच्या कस्तुराबाईंना हाक मारली. त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या, आज सूर्य कुठून उगवला, जमनाबाई दिवा सोडून चालल्या. मी कुठं जाते ते सांगितलं. मग त्या चेष्टा विसरल्या आणि म्हणाल्या, लावते मी, तुमच्यासारखाच लावते, जा.

फाट्यावर जीप उभी होती. चालवणारे धरमसिंग मला ओळखतात. त्यांची मुलगी माझ्याकडं शिकली. मी रोज सकाळी गावाकडं येणाऱ्या जीपमधून उतरणाऱ्या मुलींना बघते, पण त्या रस्त्यानं मी स्वतः कधी उलटी गेले नव्हते. ते म्हणाले, बाई, पोरी तिकडून इकडं येतात, तुमी इकडून तिकडं काहून?

मी म्हटलं, एक गणित उलटं झालंय.

त्यांना ते पटलं असावं. त्यांनी पुढची जागा रिकामी करून दिली. जीप भरेपर्यंत मी कागद मांडीवर काढला. चौदावा प्रश्न, उणे आठ, आणि त्यावर माझी लाल फुली. पेन हातात होतं. इथंच खोडून टाकावी असं एकदा वाटलं, पण सरांनी दारी जायला सांगितलं होतं. पेन पिशवीत ठेवलं. तुरीच्या पिवळ्या फुलांवर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं, आणि शेलूबाजारचा रस्ता त्यात हळूहळू शिरत होता. धरमसिंगांनी विचारलं, निघू काय.

मी मान हलवली.